पान वाढल्यावर, पहिल्या घासाआधी

या पुस्तिकेत मजकूर असा सहा ओळींचा. जेवायला बसल्यावर म्हणायची एक छोटी प्रार्थना, तीही अशा घरांसाठी जिथे एका टेबलाभोवती वेगवेगळ्या धर्मांची माणसे बसतात. सहा ओळींसाठी एवढी लांब प्रस्तावना कशाला, असे कुणालाही वाटेल. पण या ओळींमधून काय काय वगळले आहे ते सांगितल्याशिवाय त्यांचा उपयोग नीट कळणार नाही. ते वगळणे घोलवडच्या आमच्या घरी पुष्कळ विचार करून झाले आहे.

घोलवड हे पश्चिम रेल्वेवर डहाणू रोडच्या पुढचे स्थानक. चिकूच्या वाड्या, समुद्र, आणि पूर्वेला डोंगरांकडे सरकत जाणारे वारली पाडे. इथल्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे बाहेरच्यांना गावाचे नाव निदान फळामुळे तरी माहीत असते. इराणी आणि पारशी बागायतदार, वाडवळ आणि भंडारी, मांगेले, गुजराती व्यापारी, मुसलमान, तलासरीकडचे ख्रिस्ती, आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेले वारली अशी ही वस्ती आहे. शेजारच्या बोर्डीजवळ बहरोटच्या डोंगरात गुहा आहेत. संजाणवर आक्रमण झाले तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी तिथे बारा वर्षे सांभाळला, असे ‘किस्सा-ए-संजाण’ सांगतो. तोच इराणशाह १७४२ पासून उदवाड्याला आहे.

मी मराठी हिंदू घरातून इराणी घरात आले. सासूबाई उदवाड्याला जातात तेव्हा मी बाहेर थांबते, कारण अग्यारीत परधर्मीयांना प्रवेश नाही. नणंद वसईच्या कॅथलिक घरात दिली आहे. जावईबापू रविवारी चर्चमध्ये ख्रिस्तप्रसाद घेतात, तो आम्ही घेत नाही. धाकट्या भावाची बायको मुसलमान आहे. आम्ही सगळे एकत्र येऊ शकतो अशी जागा म्हणजे जेवणाचे टेबल. म्हणून तिथे काय म्हणावे हा प्रश्न आमच्या घरी शोभेचा नव्हता. देवळात वा अग्यारीत जो अवघडलेपणा उंबऱ्यावरच थांबतो, तो इथे ताटासमोर येऊन बसे. कुणी हात जोडलेले, कुणी डोळे मिटलेले, कुणी घास उचललेला, आणि कुणी दुसऱ्यांकडे बघत थांबलेला.

आधी प्रत्येकाचे आपापले काय असते ते पाहू. आमच्या माहेरी पानात वरणभात आणि तूप पडले की वडील पानाभोवती पाणी फिरवत, उजव्या बाजूला भाताच्या चित्राहुती घालत, तळहातावरचे आपोशन घेत आणि मग जेवायला लागत. मुले समर्थ रामदासांच्या नावाने घरोघर चालत आलेला श्लोक म्हणत. या विधीला थोडे पाणी, पानाच्या उजवीकडे थोडी जागा आणि आधी वाढलेला भात लागतो. पोळीपासून सुरुवात होणाऱ्या जेवणात तो अडखळतो.

सासूबाईंची ‘जमवानी बाज’ वेगळी आहे. हात धुऊन, डोक्यावर स्कार्फ बांधून त्या यस्नाच्या ३७व्या अध्यायातला एक छोटा मंत्र म्हणतात आणि तीनदा ‘अशेम वोहू’ म्हणतात. त्या मंत्रात अहुरमज्दाची स्तुती आहे ती त्याने गुरे, पाणी, वनस्पती, प्रकाश आणि पृथ्वी निर्माण केली म्हणून. जुन्या रिवाजाप्रमाणे बाज घेतल्यावर जेवण संपून शेवटची प्रार्थना होईपर्यंत बोलायचे नसते. अगदीच गरज पडली तर ओठ मिटून हुंकारायचे. आता बहुतेक घरांत एवढे मौन पाळले जात नाही. सासूबाई पहिले दोन-चार घास तेवढे न बोलता घेतात.

भावजयीचे ‘बिस्मिल्लाह’ एका श्वासात होते आणि बहुधा कुणाला ऐकूही येत नाही. सुरुवातीला म्हणायचे राहून गेले तर आठवेल तेव्हा म्हणण्याचे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे तिची कधी पंचाईत होत नाही. जावईबापू क्रुसाची खूण करतात, अन्नाला आणि जेवणाऱ्यांना आशीर्वाद मागतात, आणि बाकीचे ‘आमेन’ म्हणतील अशी त्यांना सवय आहे. त्यांच्या घरी ही प्रार्थना सगळे मिळून मोठ्याने म्हणतात. घोलवडला पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा त्यांनी एकट्याने म्हटली, आणि शेवटी ‘आमेन’साठी टेबलावर कुणाचाच आवाज आला नाही. ते क्षणभर गोंधळले आणि हसून पाणी प्यायले.

अशा वेळी सुचणारा पहिला उपाय म्हणजे सगळ्यांचे थोडे थोडे घेणे. महाराष्ट्राने हा उपाय मोठ्या माणसाच्या हातून पाहिला आहे. विनोबांनी रचलेल्या सर्वधर्म-प्रार्थनेत नारायण आहे, बुद्ध आहे, येशूचा पिता आहे, रहीम आहे, ताओ आहे, आणि आमच्या सासूबाई आनंदाने ऐकतील असे मज्दाचेही नाव आहे. त्या रचनेबद्दल मला मनापासून आदर आहे आणि सभेत ती शोभते. घोलवडच्या टेबलावर मात्र एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्या नामावळीत वारल्यांची कणसरी नाही. जिच्या कृपेने भात पिकतो आणि जिला दाखवल्याशिवाय नवे धान्य खायचे नाही, तिचे नाव नाही, आणि आमच्या घरचा भात लावणारी व कापणारी माणसे तिलाच मानतात. यादी म्हटली की कुणीतरी सुटतोच. सभेत सुटलेला गर्दीत बसलेला असतो, टेबलावर सुटलेला समोर असतो. शिवाय नावे जितकी वाढवावीत तितकी भाजी निवते. म्हणून देवांची नावे या सहा ओळींत घ्यायची नाहीत असे आम्ही ठरवले.

दुसरा उपाय शाळेतून आणि आश्रमांतून आलेला आहे. अनेक ठिकाणी जेवणाआधी उपनिषदातला ‘सह’ने सुरू होणारा शांतिमंत्र म्हणतात. त्यात कुठल्या देवतेचे नाव ठळक नाही, म्हणून तो सगळ्यांना चालेल असे मानले जाते. तो मंत्र मुळात गुरू आणि शिष्य यांनी अध्ययन सुरू करताना म्हणायचा आहे आणि त्यात मागणे विद्या तेजस्वी होवो असे आहे. त्याला जेवणाशी जोडले गेले ते पुढे. आमच्या दृष्टीने खरी अडचण वेगळी होती. तो संस्कृतात असल्यामुळे घरातल्या निम्म्या माणसांना तो फक्त ऐकायचा असे. मी आणि माझा भाऊ म्हणत असू आणि जावईबापू, सासूबाई, भावजय सभ्यपणे मान खाली घालून बसत. ऐकणारे आणि म्हणणारे असे दोन गट एका टेबलावर पडले की घरातली माणसे पाहुण्यांसारखी दिसायला लागतात.

या विषयाचा जुना आणि महत्त्वाचा धडा मुंबईत आहे. १८४९च्या सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस मंडळी सुरू केली. मराठी व्याकरणकार म्हणून दादोबा आपल्याला माहीत असतात. या गुप्त मंडळीच्या बैठकी त्यांनी रचलेल्या मराठी प्रार्थनांनी सुरू होत आणि संपत. एका ईश्वराची, कोणत्याही पंथाच्या नावाशिवाय केलेली ती प्रार्थना होती. नव्या सभासदाला जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यावे लागे. म्हणजे संमिश्र भोजन आणि समान प्रार्थना या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र करून पाहिल्या होत्या, आणि तेही त्या काळात. १८६०च्या सुमारास मंडळीचे कागद चोरीला गेले, सभासदांची नावे बाहेर फुटण्याची भीती पसरली, आणि मंडळी विखुरली. त्यांतल्या काही जणांच्या विचारातून पुढे १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला.

मला त्या तरुणांचे धैर्य थोर वाटते. त्यांच्या पावातून आमच्या घरासाठी मात्र मी उलटा धडा घेतला. त्यांचा घास ही परीक्षा होती. तो खाल्ला म्हणजे तुम्ही आमच्यातले. कुटुंबाच्या टेबलावर असा घास ठेवता येत नाही, कारण तिथे प्रत्येक जण आधीच आपला असतो. म्हणून जी ओळ म्हणायला कुणाला आपला धर्म क्षणभर बाजूला ठेवावा लागेल, अशी एकही ओळ या प्रार्थनेत नसावी, आणि जे अन्न खाताना कुणाला मन मारावे लागेल असे अन्न प्रार्थनेमुळे तयार होऊ नये.

या दुसऱ्या गोष्टीकडे लोकांचे लक्ष जात नाही, म्हणून ती थोडी उलगडते. आपण देवाला नैवेद्य दाखवतो तेव्हा अन्न प्रसाद होते. आपल्याला ते अधिक गोड लागते. पण अल्लाहखेरीज इतरांच्या नावाने अर्पण केलेले मुसलमानांना वर्ज्य असते. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या अगदी सुरुवातीपासून आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात त्याचा बराच ऊहापोह केला आहे, आणि आजही अनेक ख्रिस्ती माणसे प्रसाद हातात घेतात पण खात नाहीत. म्हणजे मी टेबलावरच्या पातेल्यांवरून नैवेद्याचे पाणी फिरवले तर मी प्रेमाने केलेल्या कृतीने भावजयीसमोर नको ती निवड उभी करते. ती काही बोलणार नाही. ती आमटी घेणार नाही, ‘आज पोट बरं नाही’ म्हणेल आणि भात तेवढा दह्याशी खाईल. असे झाले की चूक स्वयंपाकात शोधू नये. नैवेद्य वेगळ्या वाटीत, आधी, देवघरात दाखवावा आणि ती वाटी तिथेच राहू द्यावी. टेबलावरच्या पातेल्यांतले अन्न कुणालाच अर्पण झालेले नसावे. जेवणाऱ्याला आपल्या पानातले काही काढून ठेवायचे असेल तर त्याने खुशाल ठेवावे. ते त्याच्या पानापुरते राहते.

दिव्याचेही तसेच. टेबलावर मेणबत्ती लावून जेवण झाल्यावर ती फुंकून विझवणे जावईबापूंच्या घरी साधी गोष्ट आहे. सासूबाई ज्योत फुंकत नाहीत आणि दुसऱ्याने फुंकलेली त्यांना बघवत नाही. आम्ही तेलाचा दिवा लावतो, बेताचे तेल घालतो आणि तो आपोआप शांत होऊ देतो.

आता प्रार्थना अशी आहे:

ज्या मातीत हे पिकलं, ज्या पाण्यात हे वाढलं,
ज्या हातांनी पेरलं, काढलं, वाहून आणलं आणि रांधलं,
त्या सर्वांचं ऋण मानून आम्ही हे अन्न घेतो.
ज्यांचं पान आज इथे नाही, त्यांची आम्हांला आठवण आहे.
आता ज्याने त्याने आपल्या मनातलं म्हणावं.

इथे शांतता. मग ज्याने स्वयंपाक केला त्याने म्हणायचे:

सावकाश होऊ द्या.

पहिल्या ओळीत देव नाही आणि देव नाकारलेलाही नाही. माती आणि पाणी म्हणताना सासूबाईंना त्यांचा निर्माता आठवतो, कारण त्यांच्या बाजेत हीच दोन नावे येतात. शेजारच्या गुजराती बेन जैन आहेत. जगाचा कर्ता त्यांच्या धर्मात नाही, त्यामुळे ‘हे परमेश्वरा, तू दिलेस’ असे म्हणायला त्यांना सांगणे म्हणजे त्यांना खोटे बोलायला लावणे होय. माझा मुलगा कुठलाच देव मानत नाही. ‘ऋण मानून’ एवढे त्या दोघांनाही मनापासून म्हणता येते.

दुसरी ओळ घोलवडची आहे आणि ती गाळू नये अशी माझी विनंती आहे. या भागात शेतीतले हात आणि जेवणारी तोंडे फार काळ वेगळी होती. मे १९४५ मध्ये तलासरी भागातल्या झरी गावी वारली जमले आणि वेठीविरुद्धचा लढा पेटला, त्याची हकीगत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आहे. त्या इतिहासाच्या जमिनीवर बसून ‘ज्या हातांनी’ म्हणायचे तर ते हात टेबलापासून लांब ठेवता येत नाहीत. आमच्या वाडीत काठीला जाळी बांधून चिकू उतरवणाऱ्या वारली काकी सणाच्या जेवणाला आमच्या बरोबर, त्याच पंगतीत बसतात. त्या बसत नव्हत्या तोवर ही ओळ लिहिण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. त्यांच्याकडे ताडीचा पेला तोंडाला लावण्याआधी दोन थेंब जमिनीवर सांडतात, पूर्वजांसाठी. आमच्या घरी पहिल्यांदा त्यांनी पाण्याच्या ग्लासातून तसे दोन थेंब पानाशेजारी टाकले, तेव्हा माझ्या वडिलांचा हात चित्राहुतीपाशी थबकला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि आपापले पुढे केले.

चौथ्या ओळीत गेलेली माणसे येतात, परदेशी असलेली येतात, आणि ज्यांच्याकडे आज चूल पेटली नाही ती येतात. कोण कुणाला आठवतो हे विचारायचे नाही.

पाचवी ओळ आणि त्यानंतरची शांतता हा या प्रार्थनेचा गाभा आहे. वरच्या चार ओळी सगळ्यांच्या मिळून आहेत, शांतता ज्याची त्याची. जावईबापू त्यात क्रूस करतात, भावजय बिस्मिल्लाह म्हणते, वडील आपोशन घेतात, बेन नवकार म्हणतात, मुलगा नुसता बसतो. इथे किती वेळ थांबावे हा व्यवहाराचा प्रश्न आहे आणि त्यावरच पुष्कळ अवलंबून असते. पहिल्यांदा असा प्रयोग करणारी घरे बहुधा दोन-तीन श्वास थांबतात. बिस्मिल्लाहला तेवढे पुरते, कॅथलिक प्रार्थना अर्ध्यात येते, आणि सासूबाईंची बाज तर जेमतेम सुरू झालेली असते. मग त्या घाईने पुटपुटतात किंवा सगळे जेवायला लागले तरी ओठ हलवत बसतात, आणि मुले त्यांच्याकडे बघतात. म्हणून नियम असा ठेवावा, की टेबलावर ज्याची प्रार्थना सर्वांत लांब, तो शांतता संपवतो. आमच्याकडे सासूबाई डोळे उघडून पाण्याच्या ग्लासाला हात लावतात, तीच खूण. साधारण अर्धा मिनिट लागतो. ओळी म्हणायला त्याहून कमी. सगळे मिळून एक मिनिट होत नाही आणि वाढलेले गरम राहते.

शेवटचे ‘सावकाश होऊ द्या’ कुठल्याच धर्माचे नाही आणि मराठी पंगतीत ते सगळ्यांनी ऐकलेले आहे. ते रांधणाऱ्याने म्हणावे असा माझा आग्रह आहे. वडीलधाऱ्याने म्हटले तर प्रार्थना त्याच्या धर्माची वाटू लागते, आणि मुलांकडून म्हणवून घेतले तर ती पाठांतराची होते. ज्याला ‘आमेन’ म्हणायचे असेल त्याने त्यावर ‘आमेन’ म्हणावे. आता आमच्याकडे दोघे-तिघे तरी म्हणतात.

एक दिवस तपशिलात सांगते, म्हणजे या ओळी किती ताण सहन करतात ते कळेल. २१ मार्च २०२५. जमशेदी नवरोझ, इराणी घरात वर्षाचा मोठा दिवस. तोच दिवस शुक्रवार होता आणि उपवासकाळातला, म्हणजे जावईबापूंना मांस वर्ज्य. तोच रमजानमधला, म्हणजे भावजयीला सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही. आणि शेजारच्या बेन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. एकीला सूर्य मावळायच्या आत जेवायला हवे, दुसरीला मावळल्यावर. घोलवडला त्या दिवशी सूर्यास्त पावणेसातच्या पुढेमागे होता.

जेवणाचा बेत सोपा निघाला. सासूबाईंनी शुभदिनाचे धान-दाळ आणि त्याबरोबर कोळंबीचा पातियो केला. धानसाक शुभ दिवशी होत नाही, घरात कुणी गेल्यावर चौथ्या दिवशी होते, हे मला लग्नानंतर कळले होते. मासळी असल्याने जावईबापूंचा शुक्रवार सांभाळला गेला. बेन आपला डबा आपल्या घरून आणतात, आमच्या भांड्यातले त्या घेत नाहीत आणि त्याबद्दल कुणी रुसत नाही.

वेळेचा प्रश्न मात्र प्रार्थनेने सुटणार नव्हता. तो दोनदा बसून सुटला. सहा वाजता बेनचा डबा उघडला, मुलांची पाने त्यांच्याबरोबर मांडली, आणि आम्ही सगळे, उपाशी भावजयीसुद्धा, टेबलाशी बसलो. ओळी म्हटल्या, शांतता झाली, ‘सावकाश होऊ द्या’ मीच म्हटले. बेन आणि मुले जेवली. सूर्य मावळला तशी भावजयीने खजूर आणि पाणी घेतले. रोजा सोडायला उशीर करायचा नसतो, म्हणून तेव्हा आमची प्रार्थना तिच्या वाटेत आणली नाही. तिचे बिस्मिल्लाह, तिचा खजूर, मग आतल्या खोलीत तिची नमाज. ती परत आल्यावर सातनंतर मोठ्यांची पाने वाढली आणि ओळी पुन्हा म्हटल्या. बेन तेव्हाही बसल्या होत्या, पान न घेता. ‘आम्ही हे अन्न घेतो’ या शब्दांशी त्या गप्प राहिल्या, कारण त्या घेत नव्हत्या, आणि चौथ्या ओळीला त्यांनी पुन्हा आवाज लावला. एका संध्याकाळी दोनदा म्हणूनही प्रार्थना कुणाला जड झाली नाही. तिची लांबी ठरवताना हाच निकष वापरावा असे मी सुचवते.

काही गोष्टी बिघडतात त्या ओळखाव्या कशा, तेही सांगते. म्हणणारा दर वेळी एखादे वाक्य स्वतःचे जोडू लागला, ‘आणि आपल्या सर्वांचा देव एकच आहे’ असे, तर थांबवावे. बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, पण हे वाक्य स्वतः एक मत आहे, आणि ते न मानणारा माणूस त्याच टेबलावर बसलेला असतो. कुणी शांततेआधीच घास घेतला तर त्याला टोकू नये. बहुधा त्याने आपले मनात म्हणून झालेले असते. हात धरून गोल करायची पद्धत काही घरांत आहे. आम्ही ती ठेवली नाही, कारण भावजयीला परपुरुषाचा हात धरणे अवघड जाते. तळहात आपल्या मांडीवर ठेवले की पुरते. आणि प्रार्थना कागदावरून वाचू नये. पाच ओळी पाठ होत नसतील तर पहिल्या तीन म्हणाव्यात.

दुःखाच्या घरी या ओळी बदलतात. कुणी गेल्यानंतरच्या दिवसांत चौथी ओळ मोठ्याने म्हणू नये, ती सगळ्यांच्या मनात असतेच आणि ऐकवत नाही. तेव्हा तिसऱ्या ओळीवरून थेट शांततेकडे यावे, आणि शेवटी ‘सावकाश होऊ द्या’ऐवजी नुसते ‘जेवून घ्या’ म्हणावे, जसे आपण अशा घरी म्हणतोच.

पहिली ओळ ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे बदलावी. मासळी असेल त्या दिवशी आम्ही तिच्यानंतर ‘ज्या समुद्राने हे दिलं’ एवढे जोडतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते आणि ताजे काही येत नाही, तेव्हा ती जोड वगळायची असे आम्ही आधी ठरवले होते. काकींनी ते मानले नाही. पावसाळ्यात पानात सुके बोंबील असतात, तेही समुद्रातूनच आलेले आणि वाळवलेले मांगेल्यांच्या बायकांनी. म्हणून ती जोड पावसाळ्यातही राहते, फक्त बोंबील पानात असतील त्या दिवशी.